हरवलेला सीटी स्कॅन आणि आपल्या तोंडचा ‘डाग’: जुने चित्र परत कसे मिळवावे आणि ते मिळेपर्यंत डॉक्टरांना काय सांगावे

सदाशिव पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासाला गेला आणि आम्ही कोथरूडला राहायला आलो, त्या धांदलीत बाबांच्या छातीच्या सीटी स्कॅनचे मोठे पाकीट हरवले. मार्च २०२३ मध्ये खोकला लांबला म्हणून काढलेला तो स्कॅन होता आणि त्यात उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक लहानसा नोड्युल, म्हणजे छोटी गोलसर गाठ, दिसला होता. सहा ते बारा महिन्यांत पुन्हा स्कॅन करावा, असे तेव्हाच सांगितले होते. नोव्हेंबरमध्ये छातीविकारतज्ज्ञांकडे गेलो तेव्हा पाकीट नव्हते, पण मला सगळे आठवते अशी माझी पक्की समजूत होती. मी सांगितले, “उजवीकडे वर एक छोटा डाग होता, सहा-सात मिलिमीटरचा, घाबरण्यासारखे काही नाही असे म्हणाले होते.” डॉक्टरांनी ते शांतपणे ऐकले आणि केसपेपरवर एवढेच लिहिले की आधीचा स्कॅन उपलब्ध नाही, तो आणावा. मला त्या वेळी थोडे अपमानित झाल्यासारखे वाटले. पुढच्या तीन आठवड्यांत ते बरोबर होते हे कळले. त्या तीन आठवड्यांत काय करावे लागले आणि कोणत्या चुका टाळता आल्या असत्या, ते नव्याने या फेऱ्यात पडणाऱ्यांसाठी क्रमाने लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. वैद्यकीय भाग आमच्या छातीविकारतज्ज्ञांनी आणि रेडिओलॉजिस्टनी समजावला तसा मांडला आहे.

१. आधी ‘डाग’ या शब्दाचा भरवसा सोडा

मराठी घरांत छातीच्या एक्स-रे किंवा स्कॅनमधल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला ‘डाग’ म्हणतात. जुन्या क्षयाचा वाळलेला व्रण हा डाग, न्यूमोनियाने भरलेला फुप्फुसाचा भाग हाही डाग, चुना म्हणजे कॅल्शियम साचलेली जुनी गाठ हाही डाग, आणि कर्करोगाची सुरुवातही डागच. एक्स-रेमध्ये तर स्तनाग्राची सावली किंवा बरगडीचा जुना सांधलेला भागसुद्धा कोणाला डाग वाटू शकतो. डॉक्टरांच्या दृष्टीने या प्रत्येकाचा अर्थ वेगळा आणि पुढची पायरीही वेगळी.

आमच्या बाबतीत खरा प्रश्न ‘डाग आहे का’ हा नव्हताच. आहे, हे सर्वांना माहीत होते. प्रश्न होता तो वाढला का. नोव्हेंबरमध्ये नवा स्कॅन केला, त्यात नोड्युल ८ मिलिमीटरचा लिहून आला. आता माझ्या ‘सहा-सात’ या शब्दांकडे पाहा. आधी तो ७ मिलिमीटरचा असेल तर ७ वरून ८ हा फरक मोजणीच्या चुकीत सहज बसतो. नोड्युलच्या पाठपुराव्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या फ्लाइशनर सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये व्यासात २ मिलिमीटर किंवा अधिक वाढ झाली तरच ती खरी वाढ धरली आहे. पण आधी तो ६ असेल तर नेमके २ मिलिमीटर वाढले, आणि नोड्युल हा गोळा असल्यामुळे व्यासातली एवढी वाढ आकारमानात फार मोठी असते: सहाचा घन २१६, आठचा घन ५१२, म्हणजे आठ महिन्यांत सव्वादोन पटींहून अधिक. पहिल्या अर्थाने पुढच्या ठरलेल्या स्कॅनची वाट पाहायची, दुसऱ्या अर्थाने पेट स्कॅन किंवा सुईने तुकडा काढण्याची चर्चा सुरू करायची. बाबांना चाळीस वर्षे बिडीची सवय होती, त्यामुळे डॉक्टरांना हा निर्णय अंदाजाने घ्यायचा नव्हता. माझ्या वाक्यातला ‘सहा’ आणि ‘सात’ यांच्यामधला तो छोटासा जोडरेघेचा दुवा दोन्ही रस्ते उघडे ठेवत होता.

“घाबरण्यासारखे काही नाही” हे वाक्यही तितकेच निरुपयोगी होते. ते कोणी म्हटले हे मला आठवत नव्हते. रेडिओलॉजिस्ट म्हणाले, की घरच्या डॉक्टरांनी धीर देण्यासाठी म्हटले, की केंद्रातल्या तंत्रज्ञाने पाकीट हातात देताना? शेवटचे असण्याची शक्यता जास्त, हे मी आज प्रामाणिकपणे मान्य करते.

२. घरातले धागेदोरे गोळा करा

स्कॅनचे पाकीट हरवले म्हणजे स्कॅन नाहीसा झाला असे नाही. पाकिटात जे असते ती छापील प्रत असते, मूळ चित्रे तपासणी केंद्राच्या संगणकीय साठ्यात असतात. ती शोधून काढण्यासाठी केंद्राला तुमच्याकडून नेमके दुवे लागतात, म्हणून केंद्रात जाण्यापूर्वी पुढील गोष्टी हुडका:

- तपासणीची पावती किंवा बिल. त्यावर नोंदणी क्रमांक असतो आणि तो सर्वांत उपयोगी.
- त्या काळातले मोबाइलवरचे संदेश. बऱ्याच केंद्रांकडून रिपोर्टची लिंक येते, ती बंद झालेली असली तरी संदेशातला क्रमांक कामाचा असतो.
- पैसे ऑनलाइन दिले असतील तर व्यवहाराची तारीख. मला तारीख याच मार्गाने मिळाली.
- विम्याचा दावा केला असेल तर त्यासोबत जोडलेल्या रिपोर्टची प्रत.
- ज्यांनी तपासणी सांगितली त्या डॉक्टरांचा केसपेपर.
- नाव नोंदवताना कसे लिहिले होते याचे सर्व पर्याय. बाबांचे नाव त्या केंद्रात आडनावाशिवाय, वडिलांच्या नावासह नोंदले गेले होते, आणि आडनावाने शोधल्यावर ‘असा पेशंटच नाही’ असे उत्तर आले होते.

३. केंद्रात जाऊन नेमके काय मागायचे

पहिल्या फेरीत मी “रिपोर्ट हरवला आहे, दुसरा मिळेल का” असे विचारले. काउंटरवरच्या मुलीने दहा मिनिटांत रिपोर्टची छापील प्रत काढून दिली आणि मी आनंदाने घरी आले. ती चूक होती, कारण मी शब्द परत मिळवले होते, चित्रे नव्हे. दुसऱ्या फेरीत चित्रे मागितली तर “सहा महिन्यांपूर्वीचा डेटा ठेवत नाही” असे उत्तर मिळाले. तिसऱ्या फेरीत छातीविकारतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन गेले आणि काउंटरऐवजी आत संगणकीय साठा सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला भेटले. तेव्हा तो डेटा होता. काउंटरवरच्या व्यक्तीला हा प्रश्न रोज विचारला जात नाही आणि ‘नाही’ हे सर्वांत सोपे उत्तर असते, म्हणून नम्रपणे पण पुढच्या खोलीपर्यंत पोहोचा.

मागणी लेखी द्या आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: रिपोर्टची प्रत, पूर्ण अभ्यासाची डायकॉम स्वरूपातील चित्रे, आणि उपलब्ध असतील तर पातळ स्लाइस. डायकॉम हे वैद्यकीय चित्रांचे मूळ स्वरूप आहे. स्लाइस म्हणजे स्कॅनमध्ये दिसणारा शरीराचा एकेक आडवा काप. पातळ स्लाइसचे महत्त्व पुढे येईलच. सोबत पेशंटचे ओळखपत्र, पेशंट स्वतः येऊ शकत नसल्यास त्यांच्या सहीचे अधिकारपत्र, डॉक्टरांची चिठ्ठी आणि एक नवा पेन ड्राइव्ह न्या. काही केंद्रे बाहेरचा पेन ड्राइव्ह लावू देत नाहीत, तेथे सीडी घ्यावी लागते.

तपासणी एखाद्या रुग्णालयात दाखल असताना झाली असेल तर तुमची बाजू अधिक भक्कम असते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपल्या पाहिजेत आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांत दिल्या पाहिजेत. बाहेरून येऊन केलेल्या तपासणीला हा आधार तितका थेट लागू होत नाही. तेथे केंद्राच्या स्वतःच्या पद्धतीवर बरेच अवलंबून असते आणि म्हणून उशीर करू नये.

४. घरी आल्यावर हाती काय आले ते तपासा

सीडी मिळाली म्हणजे काम झाले असे समजू नका. ती घरच्या किंवा शेजारच्या एखाद्या संगणकात उघडून पाहा. आतमध्ये `DICOMDIR` नावाची फाइल दिसली तर बहुधा मूळ स्वरूपातला डेटा आहे. फक्त `.jpg` फाइल दिसल्या तर केंद्राने छायाचित्रे दिली आहेत, स्कॅन नव्हे, आणि ती परत करून मूळ डेटा मागावा.

आकारावरूनही अंदाज येतो. सीटीची एक स्लाइस साधारणपणे ५१२ गुणिले ५१२ बिंदूंची असते आणि प्रत्येक बिंदूला दोन बाइट लागतात, म्हणजे एका स्लाइसला सुमारे अर्धा एमबी. छातीच्या पातळ स्लाइस तीनशेच्या आसपास असल्या तर दीडशे एमबीपर्यंत डेटा होतो. दाबून साठवला असेल तर कमी भरेल, पण सगळे मिळून चार-पाच एमबीच असेल तर काहीतरी राहून गेले आहे. मग पडद्यावरचे नाव, वय आणि तपासणीची तारीख जुळते का ते पाहा. दुसऱ्याच पेशंटची सीडी हातात पडल्याचे मी प्रतीक्षालयात एकाकडून ऐकले आहे आणि तसे होण्यासाठी गर्दीची एक सकाळ पुरते.

चित्रे उघडून तुम्ही स्वतः नोड्युल शोधत बसू नका. मी एक संध्याकाळ असे केले आणि जे मला नोड्युल वाटले ती आडवी कापली गेलेली रक्तवाहिनी निघाली. पुढच्या-मागच्या स्लाइसमध्ये ती लांबत जाते आणि नोड्युल मात्र दोन-चार स्लाइसनंतर संपतो, हे ओळखायला रेडिओलॉजिस्ट चित्रे वर-खाली सरकवत पाहतात. छापील फिल्मवर हे करताच येत नाही.

५. फिल्मचा मोबाइल फोटो का चालत नाही

बाबांच्या मित्रांपैकी एकाने सुचवले होते की तुमच्याकडे कोठेतरी फिल्मचा फोटो असेल, तोच दाखवा. फोटो खरोखर होता, ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला. डॉक्टरांनी तो पाहिला आणि बाजूला ठेवला.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सीटीमध्ये प्रत्येक बिंदूला घनतेचा एक आकडा असतो, त्याला हौन्सफील्ड एकक म्हणतात. हवा उणे १०००, पाणी शून्य, चरबी साधारण उणे शंभर, आणि चुना साचलेला भाग शेकड्यांत. माणसाच्या डोळ्याला एवढ्या छटा एकदम दिसत नाहीत, म्हणून एकच डेटा वेगवेगळ्या ‘विंडो’मधून पाहतात: एकीत फुप्फुसाचे जाळे स्पष्ट दिसते, दुसरीत मांसल भाग आणि चुना. नोड्युलच्या आत मध्यभागी चुना असेल किंवा चरबी असेल तर तो निरुपद्रवी असण्याची शक्यता पुष्कळ वाढते. आपल्याकडे जुन्या क्षयामुळे अशा चुना धरलेल्या गाठी नेहमी आढळतात, त्यामुळे हा प्रश्न पुण्यात केवळ पुस्तकी नाही. फिल्मवर केंद्राने निवडलेल्या मोजक्याच स्लाइस, ठरलेल्या विंडोमध्ये, दोन-अडीच इंचांच्या चौकटीत छापलेल्या असतात. फोटोत आकडे उरत नाहीत, फक्त काळा-पांढरा रंग उरतो, तोही ट्यूबलाइटच्या कृपेने. त्यावरून चुना आहे की नाही हे कोणी सांगितले तर ते सांगणे माझ्या शब्दांइतकेच कच्चे.

६. रिपोर्ट आणि चित्रे दोन्ही का लागतात: आमच्याकडे काय निघाले

रिपोर्टची प्रत हाती आल्यावर मला वाटले होते की आता प्रश्न सुटला. त्यात नोड्युल ६ मिलिमीटर लिहिला होता, नव्यात ८. म्हणजे माझ्या धूसर शब्दांपेक्षा स्पष्ट आणि अधिक भीतिदायक उत्तर. त्या रात्री घरात कोणी धड जेवले नाही.

दोन्ही वेळचा डेटा मग नव्या स्कॅनच्या रेडिओलॉजिस्टना दिला आणि लेखी विनंती केली की जुन्या चित्रांशी तुलना करून रिपोर्ट द्यावा. त्यांनी दोन्ही स्कॅन शेजारी-शेजारी, एकाच विंडोमध्ये, एकाच पातळीच्या स्लाइसवर उघडले. मार्चमधली मोजणी ५ मिलिमीटर जाडीच्या स्लाइसवर केलेली होती. जाड स्लाइसमध्ये लहान नोड्युल आजूबाजूच्या हवेबरोबर सरासरीत मिसळतो आणि त्याची कडा विरते. नव्या स्कॅनची मोजणी पातळ स्लाइसवर होती आणि त्यात फक्त सर्वांत लांब बाजू दिली होती. सुदैवाने मार्चच्या साठ्यात पातळ स्लाइसही शिल्लक होत्या, केंद्रे बऱ्याचदा त्या आधी पुसून टाकतात. त्यांवर मोजल्यावर नोड्युल मार्चमध्येही लांबीला ८ आणि रुंदीला ६ भरला, नोव्हेंबरमध्येही ८ आणि ६. या आकाराच्या नोड्युलसाठी लांबी-रुंदीची सरासरी धरतात, ती दोन्ही वेळा ७. वाढ नव्हती.

दोन्ही रिपोर्ट चुकीचे नव्हते, त्यांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या होत्या. केवळ रिपोर्ट वाचून हे कळले नसते, आणि केवळ चित्रे पाहून मार्चमध्ये कोणता प्रश्न विचारला होता, चित्र स्पष्ट दिसावे म्हणून देतात ते कॉन्ट्रास्ट औषध दिले होते का, स्कॅनमध्ये आणखी कोठे काय दिसले होते, हे कळले नसते. छातीच्या त्याच स्कॅनच्या तळाशी यकृताचा वरचा भागही येतो आणि त्याबद्दल एक किरकोळ ओळ रिपोर्टमध्ये होती, जी मला अजिबात आठवत नव्हती. आपण सांगतो ते ज्याची भीती वाटली तेवढेच. रिपोर्टमध्ये बाकीचेही असते.

७. जुने चित्र मिळालेच नाही तर

असेही होते, आणि तेव्हा आठवणीतून चित्र उभे करण्याचा मोह टाळावा. डॉक्टरांना निरीक्षण सांगण्याऐवजी माहिती सांगा: तपासणी कोणत्या महिन्यात झाली, शरीराच्या कोणत्या भागाची, एक्स-रे की सीटी, कशासाठी सांगितली होती, नंतर कोणते औषध किती दिवस घेतले, क्षयाचे उपचार पूर्वी कधी झाले होते का, तंबाखू-बिडी किती वर्षे, घरात किंवा कारखान्यात धुळीशी संबंध होता का. यातले प्रत्येक उत्तर उपयोगी आहे, कारण ते तुमच्या अनुभवातले आहे. ‘डाग किती होता’ हे तुमच्या अनुभवातले नाही, ते ऐकीव आहे. आठवत असेल तर “असे सांगितल्याचे आठवते, कागद नाही” एवढे जोडून सांगा, म्हणजे ते केसपेपरवर पुरावा म्हणून जात नाही.

दुसरे म्हणजे, छातीचे आणखी जुने एक्स-रे शोधा. नोकरीला लागतानाची तपासणी, एखाद्या शस्त्रक्रियेपूर्वीचा एक्स-रे, परदेशवारीसाठी काढलेला. दहा वर्षांपूर्वीच्या एक्स-रेवर तोच बिंदू त्याच जागी तसाच दिसला तर तो नवा नाही हे त्या एका चित्रावरून कळते. मात्र ६-७ मिलिमीटरचा चुना नसलेला नोड्युल साध्या एक्स-रेवर बहुधा दिसतच नाही, त्यामुळे तेथे तो दिसला नाही म्हणजे तेव्हा नव्हता, असा उलटा अर्थ काढू नये.

काहीच हाती नसेल तर नवा स्कॅन हाच पहिला धरून मोजणी पुन्हा सुरू होते. त्याची किंमत पैशांइतकीच वेळेतही असते: घट्ट, म्हणजे पूर्ण भरीव, नोड्युल दोन वर्षे न बदलता राहिला तर तो निरुपद्रवी मानण्याची पद्धत आहे आणि पाकीट हरवले की त्या दोन वर्षांचे घड्याळ शून्यावर येते. वर उल्लेख केलेल्या सूचना पस्तिशीखालील व्यक्ती, ज्यांना आधी कर्करोग झाला आहे असे रुग्ण किंवा प्रतिकारशक्ती दबलेले रुग्ण यांना लागू नाहीत, त्यांचे वेळापत्रक त्यांचे डॉक्टर वेगळे ठरवतात.

८. पुढच्या स्कॅनला जाताना

बाबांचा पुढचा स्कॅन मार्च २०२३ पासून अठरा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान करायचा ठरला. तो शक्यतो त्याच केंद्रात, पातळ स्लाइससह आणि शक्य तर किरणांच्या कमी मात्रेच्या पद्धतीने करावा, असे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिले, शिवाय ‘मार्च आणि नोव्हेंबर २०२३ च्या चित्रांशी तुलना करावी’ हे वाक्यही. हे वाक्य चिठ्ठीवर नसेल तर मागून घ्या. चित्रे तपासणीपूर्वीच रिसेप्शनवर जमा करा, रिपोर्ट तयार झाल्यावर नव्हे, कारण एकदा सही झालेला रिपोर्ट पुन्हा उघडायला लावणे हा वेगळाच खटाटोप आहे.

आमच्याकडे आता डेटाच्या दोन प्रती आहेत, एक पेन ड्राइव्हवर आणि एक माझ्या भावाच्या संगणकात, प्रत्येक फोल्डरच्या नावात तारीख आणि केंद्राचा नोंदणी क्रमांक. सीडीवर विसंबू नका, बहुतेक दवाखान्यांतल्या नव्या संगणकांना ती घालायची जागाच नसते. छापील फिल्म कपाटात सपाट ठेवल्या आहेत, माळ्यावर नव्हे, कारण पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये माळा तापतो आणि काही प्रकारच्या फिल्म उष्णतेने काळवंडतात. नव्या घराच्या कागदपत्रांची पेटी लावताना बाबांनी त्या पाकिटावर जाड पेनाने ‘टाकू नये’ असे लिहून ठेवले आहे.